सैल होतानाही हृदय राबतं

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत राहायचं. मग उलगडा झाला, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी चक्क नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थोड्याच वेळात थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं, हे रिंगर यांनी १८८३ मध्ये मांडलं.

हातापायांचे स्नायू बाहेरच्या कॅल्शियमशिवाय काही काळ आकसू शकतात. हृदयाला मात्र ते प्रत्येक ठोक्याला लागतं. विजेची लहर हृदयपेशीच्या आवरणावरून बारीक नळ्यांमधून आत उतरते, तिथली दारं उघडतात आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं. एवढ्यानं आकुंचन होत नाही. पण कोरड्या हातपंपात तांब्याभर पाणी ओतल्यावर जसं धो धो पाणी येऊ लागतं, तसं या चिमूटभर कॅल्शियममुळे पेशीच्या आतल्या कोठारांची दारं उघडतात आणि त्याहून कितीतरी जास्त कॅल्शियम बाहेर पडतं.

ते पोहोचतं सार्कोमिअरपाशी. ही स्नायूची सर्वांत लहान आकसणारी कडी, लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर. तिच्यात अ‍ॅक्टिनचे पातळ आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत शिरलेले असतात. एरवी अ‍ॅक्टिनवरची पकडीची जागा झाकलेली असते. ट्रोपोनिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटलं की झाकण सरकतं, मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडून ओढतं आणि कडी आखडते. तंतू आखूड होत नाहीत, फक्त एकमेकांवरून सरकतात.

आता ही पकड सुटायला हवी. मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. आकसणं, सैल होणं आणि रक्तानं भरणं तेवढ्यातच उरकायचं. त्यासाठी बरंचसं कॅल्शियम एक प्रथिनपंप पुन्हा कोठारात ओढतो आणि त्यावर पेशीची ऊर्जा खर्च होते. जितकं बाहेरून आलं, तितकं पेशीबाहेर जातं. हे काम मुख्यतः दुसरं एक प्रथिन करतं, तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकतं. आपण धावतो तेव्हा अ‍ॅड्रेनलिन कोठाराच्या पंपावरचा लगाम सैल करतं. म्हणून वेगानं धडधडणारं हृदय सैलही वेगानं होतं.

हा पंप मंदावला, तर कॅल्शियम रेंगाळतं आणि भिंत वेळेत सैल होत नाही. हृदयाची भिंत जाड किंवा ताठ झाल्यानंही असाच परिणाम होतो. डावा कप्पा भरण्यासाठी जास्त दाब लागतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि जिना चढताना दम लागतो. अशा रुग्णाच्या इकोमध्ये रक्त बाहेर ढकलण्याचा आकडा, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ६० टक्के, अगदी नॉर्मल असू शकतो. बिघाड दिसतो तो डॉप्लरनं झडपेजवळची भिंत किती वेगानं मागे येते हे मोजल्यावर. दम लागत असेल आणि इकोतला तो एक आकडा चांगला असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. अहवालात ‘डायस्टोलिक फंक्शन’पुढे काय लिहिलंय, तेही डॉक्टरांना विचारा.