दहा ताटं, सहा वाट्या

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात वजनकाटा आणला तो केकसाठी. पण पहिलं वजन झालं तूरडाळीचं. आमच्याकडे पाच माणसांच्या वरणाला जी वाटी वर्षानुवर्षं ठरलेली आहे, ती सपाट भरून काट्यावर ठेवली. डाळ भरली ७५ ग्रॅम. म्हणजे माणशी १५ ग्रॅम, त्यातलं प्रथिन जेमतेम सव्वातीन ग्रॅम. ‘आम्ही रोज वरण-भात खातो, प्रथिनांची काय काळजी?’ असं मी आजवर ठामपणे सांगत आले होते. त्या ठामपणाला पहिला तडा तिथे गेला.

डाळ आणि धान्य एकत्र खाल्लं की प्रथिन ‘पूर्ण’ होतं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. फक्त नुसतं एकत्र येऊन भागत नाही. कशाबरोबर किती, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातली नऊ आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. गव्हात किंवा तांदळात यातलं एखादं आम्ल अजिबात नसतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. नऊच्या नऊ असतात, पण एखादं गरजेपेक्षा कमी असतं. धान्यांमध्ये कमी पडतं ते लायसीन.

पंगतीचा हिशेब करून पाहू. दहा ताटं मांडली आहेत, पण वाट्या सहाच निघाल्या. आमटी वाढायची तर पंगत सहाचीच बसणार, उरलेली चार ताटं रिकामी. गव्हाच्या प्रथिनाचं तसं होतं. शरीराला हव्या असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिलं तर त्यात दहा ताटांमागे लायसीनच्या वाट्या साधारण सहा. तांदळात साडेसात-आठ. ज्वारीत मात्र साडेचारच्या आसपास. वाटीवाचून राहिलेलं प्रथिन वाया जात नाही, शरीर ते इंधनासारखं जाळतं. पण स्नायू, रक्त, केस यांच्या बांधणीला ते येत नाही.

डाळीकडे उलट परिस्थिती. तूर, मूग, हरभरा यांच्यात दहा ताटांमागे लायसीनच्या चौदा वाट्या. चार शिल्लक! त्यांच्याकडे कमी पडतात ते पेले, म्हणजे मेथिओनीन आणि त्याच्या जातीची गंधकयुक्त अमिनो आम्लं. आणि पेले धान्याकडे भरपूर. दोन घरांनी भांडी एकत्र केली की दोन्ही पंगती बसतात, इतका साधा हा व्यवहार आहे. दूध, दही आणि पनीर यांच्याकडे सगळी भांडी पुरेशी असतात, शिवाय लायसीनच्या वाट्या वर उसन्या देण्याइतक्या.

आता प्रमाण. पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ, म्हणजे कच्च्या मापाने तीनास एक, घेतली की भाताची लायसीनची उणीव भरून निघते. इडलीच्या पिठात तांदूळ-उडीद साधारण याच प्रमाणात पडतात, आणि मुगाच्या खिचडीत तर बरेचदा दोनास एक. ही जुनी प्रमाणं चवीतून आणि पोत जमवण्यातून आली असतील, पण हिशेबाला चोख उतरतात. वरण-भातात मात्र प्रमाण कुणी पाळत नाही. तिथे डाळ हातातल्या वाटीवर आणि पाणी पाहुण्यांच्या संख्येवर ठरतं.

पोळीला तीनास एक थोडं कमी पडतं, जेवणात दही असेल तर जमून जातं. ज्वारीच्या भाकरीला तेही पुरत नाही. तिला दोनास एक डाळ हवी. एका मध्यम भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं, तर तिच्याबरोबर ३५ ग्रॅम बेसनाचं पिठलं. हे बेसन चार चमचे नव्हे, चांगली मूठभर. घट्ट झुणका आणि भाकरी ही जोडी म्हणूनच मला हुशारीची वाटते. उलट भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत एवढंच असेल, तर पोट भरतं, पण अर्ध्याहून अधिक ताटं वाटीवाचून राहतात. वाटीभर दही घेतलं तर त्यातली काही भरतात.

इथे शेंगदाण्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दाण्यात प्रथिन भरपूर, शंभर ग्रॅमला २३-२५ ग्रॅम. म्हणून कूट घातलं की भागलं असं वाटतं. पण दाण्याचं प्रथिनही लायसीनच्या बाबतीत धान्यासारखंच तुटपुंजं आहे. भाकरीला शेंगदाण्याची चटणी म्हणजे उसनं मागायला दुसऱ्या उसनवाराकडे जाणं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर याहून अवघड. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, असतं तेवढं दाण्याचं. सोबत वाटीभर दही घ्यावं, किंवा राजगिरा दुधातून घ्यावा. राजगिऱ्यात लायसीन धान्यांपेक्षा बरंच चांगलं असतं.

हे सगळं एकाच घासात व्हायला हवं का? १९७१ साली अमेरिकेत फ्रान्सिस मूर लापे यांच्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकाने प्रत्येक जेवणात प्रथिनांच्या जोड्या जुळवण्याचा विचार घराघरांत पोचवला. दहा वर्षांनी सुधारित आवृत्तीत त्यांनीच सांगितलं की जोड्यांवर आपण गरजेपेक्षा जास्त भर दिला होता. शरीरात अमिनो आम्लांचा थोडा साठा फिरता असतो. त्यामुळे सकाळी पोहे आणि दुपारी उसळ असं दिवसभरात जमलं तरी चालतं. हिशेब दिवसाचा धरा, ताटाचा नको.

तर असा एक दिवस काट्यावर मांडून पाहिला. माणूस मीच, वजन ५५ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे मला रोज ४६ ग्रॅम. सकाळी कांदेपोहे आणि दिवसभरात दोन कप चहा. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात, त्यावर ते पंधरा ग्रॅम डाळीचं वरण. रात्री ज्वारीची भाकरी, दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी आणि ताक, दह्यापेक्षा पाणीच जास्त. बेरीज झाली ४२ ग्रॅमच्या आसपास. चारच ग्रॅम कमी, म्हणजे फार वाईट नाही, असं मला वाटलं.

खरी उणीव त्या बेरजेच्या आत होती. लायसीन मोजलं तर निघालं सुमारे १.६ ग्रॅम, आणि माझी गरज १.६५. इथेही जवळपास जमल्यासारखं दिसतं. पण वनस्पतिजन्य प्रथिन सगळंच्या सगळं पचत नाही, पाचवा हिस्सा सहज निसटतो. मग हातात उरलं साधारण १.३ ग्रॅम. म्हणजे दोन वेळा व्यवस्थित जेवून, भूक न राहता, लायसीनमध्ये मी पाचव्या हिश्श्याने मागे होते. त्यामुळे असं जेवण तुटपुंजं असल्याचं ताटावरून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी चारच बदल केले. डाळ दोन्ही वेळची मिळून माणशी ४० ग्रॅम केली. मोड आलेल्या मटकीची उसळ केली, माणशी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची. पाणीदार ताकाऐवजी दीडशे ग्रॅम दही घेतलं, आणि एक पोळी कमी केली. प्रथिन ५३ ग्रॅमच्या पुढे गेलं. पचून हाती लागणारं लायसीन दोन ग्रॅमच्या घरात आलं. पनीर लागलंच नाही.

पनीरबद्दल तक्रार नाही. शंभर ग्रॅममध्ये १८-१९ ग्रॅम प्रथिन असतं आणि तेही पूर्ण. पण पालक-पनीरच्या वाटीत आपल्या वाट्याला येतात चार तुकडे, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिन मिळतं, जे एक वाटी घट्ट वरणही देतं. पनीर घरी केलंत तर निवळी फेकू नका, थोडं प्रथिन तिच्यात उरतं. कणीक त्या पाण्यात भिजवली की ते पोळीत येतं.

मोडांविषयीही एक खुलासा. मोड आल्याने प्रथिन वाढत नाही. शंभर ग्रॅम मटकी फुगून दुप्पट-अडीचपट दिसते, पण वाढलेलं वजन पाण्याचं. म्हणून मोजायची ती कोरडी मटकी. मोडांचा फायदा वेगळा आहे. पोटात वायू धरणारी साखर कमी होते, लोह अडवून ठेवणारं फायटेट घटतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. मात्र उबदार, ओल्या फडक्यात मोडांबरोबर जिवाणूही वाढतात. कच्चे मोड आरोग्याचे म्हणून मुठीने खाण्यापेक्षा वाफवलेले बरे. वाफेने प्रथिन पचायलाही सोपं होतं.

आणखी एक गोष्ट भाजणीची. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद असं सगळं असतं, म्हणजे भांडी आधीच जुळवलेली. पण धान्य भाजताना जो तपकिरी रंग चढतो, तो साखर आणि अमिनो आम्लांच्या रासायनिक क्रियेतून येतो, आणि त्या क्रियेत सर्वात आधी लायसीन खर्ची पडतं. मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंतच भाजा. काळपट झालेल्या डाळीने चवीबरोबर वाट्याही गमावलेल्या असतात.

हा हिशेब निरोगी प्रौढांचा आहे. सत्तरीतल्या माणसांना प्रथिन थोडं जास्त लागतं, आणि त्यांचंच जेवण सर्वात हलकं झालेलं असतं, नेमकी डाळ तिथे कमी होते. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘एवढी डाळ बाधणार नाही का?’ प्रश्न रास्त होता. म्हणून एकदम नाही वाढवली. पहिला आठवडा मुगाची डाळ, दोन तास भिजवून, फोडणीला हिंग जरा सढळ. तूर नंतर. खर्चही मांडला. पाच माणसांत डाळ-कडधान्य महिन्याला सव्वाआठ किलो वाढलं. पोळ्या कमी झाल्याने कणीक साडेचार किलो वाचली. डाळ कणकेपेक्षा महाग, तेव्हा फरक खिशाला जाणवतोच, आणि आम्ही तो बाहेरच्या खाण्यातून काढतो आहोत.

जुनी वाटी सासूबाईंनी टाकली नाही. ती आता साखरेच्या डब्यात आहे. डाळीच्या डब्यात त्यांनी स्वतःच मोठी वाटी आणून ठेवली, आणि परवा पाहुणे आले तेव्हा मी सवयीने वरणात पाणी वाढवायला गेले, तर म्हणाल्या, ‘पाणी नको, डाळ घाल आणखी.’