आरओ प्लांटवरचा रोटामीटर १० दाखवतो, प्रत्यक्षात पाणी किती वाहतं?

गावातल्या किंवा सोसायटीतल्या आरओ प्लांटच्या पॅनलवर काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या दोन उभ्या नळ्या असतात. आत एक छोटा गोटीसारखा फ्लोट पाण्याच्या जोराने वर उचललेला दिसतो. हे रोटामीटर. एक शुद्ध पाण्याचा, दुसरा टाकाऊ म्हणजे रिजेक्ट पाण्याचा. आकडे लिटर प्रति मिनिट, म्हणजे एलपीएममध्ये.

ऑपरेटर या दोन आकड्यांवरच प्लांट चालवतो. शुद्ध २०, रिजेक्ट १० दिसलं, की ३० लिटरमधलं २० वापरात आलं असा हिशोब. याचाच दुसरा अर्थ असा की ३० लिटरमधले जवळपास सगळे क्षार १० लिटरमध्ये कोंबले गेले, म्हणजे रिजेक्ट पाणी तिप्पट खारट झालं. मेंब्रेनला किती क्षार झेपतील, हे त्यावरून ठरवलेलं असतं. आता समजा रिजेक्टचा रोटामीटर १० दाखवतोय, पण पाणी ८ च वाहतंय. मग खारटपणा तिप्पट नाही, साडेतीनपट होतो. मेंब्रेनवर पांढरा थर लवकर चढतो आणि दोष बोअरच्या पाण्याला दिला जातो.

रोटामीटर खरं बोलतो का, हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १०० लिटरचा ड्रम, दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म वजनकाटा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. ठरावीक वेळात किती किलो पाणी पडलं ते मोजायचं, किलोचे लिटर करायचे आणि मिनिटांनी भागायचं. वजनच का, लिटरचं माप का नाही? कारण ड्रमवरची लिटरची रेघ कुणी किती नेमकी मारली हे माहीत नसतं. वजनकाटा मात्र प्रमाणित वजनं ठेवून लगेच तपासता येतो.

रोटामीटर पॅनलवरून काढून साध्या टाकीच्या पाण्यावर, छोट्या पंपाला जोडून तपासणं सोपं. तो अगदी उभा हवा, थोडा जरी कलला तरी फ्लोट भिंतीला घासतो. नळीतले हवेचे बुडबुडे आधी निघून जाऊ द्यायचे.

इथे पहिली चूक होते. लोक ड्रम ठेवतात, व्हॉल्व्ह उघडतात आणि स्टॉपवॉच दाबतात. पण व्हॉल्व्ह उघडल्यावर फ्लोट वर चढून स्थिर व्हायला काही सेकंद जातात, आणि तेवढं पाणीही ड्रममध्ये पडतं. त्यामुळे पाणी आधीच सुरू ठेवायचं. पाइप बाजूच्या बादलीत सोडायचा, फ्लोट १० वर स्थिर होऊ द्यायचा, मग पाइपचं तोंड झटकन ड्रमवर आणायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. पाइपचं तोंड दोन्हीकडे सारख्याच उंचीवर आणि पाण्याच्या वर असावं, नाहीतर हलवताना प्रवाह बदलतो. साधारण ८० किलो भरले की तोंड परत बादलीवर, स्टॉपवॉच बंद. पाणी शांत झालं की वजन वाचायचं. केरळात पालक्काडला असलेल्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी हेच काम डायव्हर्टर नावाची यांत्रिक झडप करते. इथे माणसाचा हात आहे.

आणि हात चुकतो. समजा पाइप ड्रमवर आल्यानंतर बटण दर वेळी ०.४ सेकंद उशिरा दाबलं जातं. वेळ कमी मोजली गेली की प्रवाह जास्त भासतो. हळू प्रवाहात ८० किलो भरायला दहा मिनिटं लागतात, तिथे ०.४ सेकंद काहीच नाही. जोराच्या प्रवाहात दोनच मिनिटं लागतात, तिथे तीच चूक पाचपट ठरते. म्हणजे वक्ररेषा एका टोकाला वाकते आणि दोष रोटामीटरवर जातो, चूक मात्र बोटाची असते.

ती पकडायची एक छान युक्ती आहे. वजन करून प्रवाह मोजण्याच्या आयएसओ ४१८५ या मानकात डायव्हर्टर तपासण्यासाठी याच विचाराची पद्धत दिली आहे. त्याच प्रवाहाला एकदा सलग ८० किलो भरायचे. मग २० किलोचे चार हप्ते घ्यायचे आणि चारही वेळा बेरीज करायच्या. सलग भरण्यात बोटाची चूक एकदा येते, हप्त्यांत चारदा. एका तपासणीत फ्लोट ४० वर असताना सलग वेळ १२६.६ सेकंद आली आणि चार हप्त्यांची बेरीज १२५.४. फरक १.२ सेकंद, तो तीन जादा चुकांचा, म्हणून एक चूक ०.४ सेकंदाची. खरी वेळ १२७.० सेकंद. अर्थात एकाच फेरीवर भरवसा ठेवायचा नाही, निदान तीनदा करून सरासरी घ्यायची.

आता किलोचे लिटर. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी सुमारे ९९५.७ ग्रॅम भरतं. शिवाय हवा पाण्याला किंचित उचलून धरते, म्हणून काट्यावर ९९४.६ च्या आसपासच दिसतं. तेव्हा ८० किलो म्हणजे ८०.४३ लिटर. ते १२७ सेकंदांत पडले, तर प्रवाह ३८.० एलपीएम. रोटामीटर म्हणत होता ४०.

असंच खालच्या आकड्यांवर केलं. ३० वर खरा प्रवाह २८.१ निघाला, २० वर १८.० आणि १० वर ८.१.

वक्ररेषा काढताना बरेच जण आडव्या अक्षावर रोटामीटरचा आकडा आणि उभ्या अक्षावर खरा प्रवाह घेतात. मग सगळे ठिपके एका तिरक्या रेघेवर बसतात आणि सगळं बरोबर वाटतं. त्याऐवजी उभ्या अक्षावर फक्त फरक घ्यावा, खरा वजा दाखवलेला. इथे तो उणे १.९, उणे २.०, उणे १.९, उणे २.० आहे. म्हणजे जवळपास सपाट रेघ, शून्याच्या दोन घरं खाली.

ही सपाट रेघच आजार सांगते. फक्त ४० वर तपासलं असतं, तर मीटर पाच टक्के जास्त दाखवतो असं म्हणून प्रत्येक आकड्याला ०.९५ ने गुणलं गेलं असतं. १० चे ९.५ झाले असते, आणि प्रत्यक्षात तर ८.१ आहेत. सगळीकडे सारखाच फरक म्हणजे प्रवाहाचा दोष नाही, वाचण्याची जागाच सरकली आहे. इथे तेच निघालं. ऑपरेटर फ्लोटचं वरचं टोक वाचत होता. या रोटामीटरवर वाचायची होती फ्लोटची सर्वांत रुंद कड. कडेवर नजर समोरासमोर ठेवून पुन्हा मोजल्यावर फरक शून्याजवळ आला. फरक फक्त खालच्या टोकाला असता, तर घाण किंवा अडकणारा फ्लोट शोधावा लागला असता. म्हणूनच प्रवाह एकदा वाढवत आणि एकदा कमी करत मोजतात. अडकणारा फ्लोट दोन फेऱ्यांत वेगळे आकडे देतो.

ठिपके एकमेकांना जोडायचे नाहीत, त्यांच्यामधून एक शांत रेघ काढायची. ती रेघ १० पासून ४० पर्यंतच. १० च्या खाली मोजलेलं नाही, म्हणून तिथे कागद कोराच ठेवायचा आणि तो तारखेसह पॅनलच्या दारावर चिकटवायचा.