बोटीवरच्या अधिकाऱ्याचा बायोडेटा

मर्चंट नेव्हीतल्या अधिकाऱ्याचा बायोडेटा वाचणारा माणूस पहिल्यांदा पाहतो तो तारखांचा तक्ता. त्यात प्रत्येक बोटीसाठी एक ओळ असते: बोटीचं नाव, प्रकार, टनेज, इंजिन, कंपनी, अधिकाऱ्याची रँक, साइन-ऑन आणि साइन-ऑफ. उमेदवाराचा खरा अनुभव याच तक्त्यातून कळतो.

समजा, एका सेकंड ऑफिसरने वर लिहिलं आहे, ‘या रँकवर अडीच वर्षं, टँकरचा अनुभव’. आता तक्ता पाहू. 12 मार्च ते 20 ऑक्टोबर 2022 बल्क कॅरियर. 5 फेब्रुवारी ते 18 ऑगस्ट 2023 ऑइल टँकर. 2 जानेवारी ते 9 ऑगस्ट 2024 पुन्हा ऑइल टँकर. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत जवळजवळ अडीच वर्षं आहेत खरी, पण मधली सुट्टी समुद्रसेवेत धरत नाहीत. बोटीवरचे दिवस जोडले की 21 महिने होतात आणि त्यातले टँकरवरचे चौदाही भरत नाहीत. मुलगा खोटं बोललेला नसतो, त्याने फक्त कॅलेंडर मोजलेलं असतं. पण टँकर कंपनीला हा फरक महागात पडतो. तिची बोट भाड्याने घेणाऱ्या तेलकंपन्या अधिकाऱ्यांचा कंपनीतला, रँकमधला आणि टँकरवरचा अनुभव वेगवेगळा तपासतात. बल्क कॅरियरवरचे महिने रँकच्या रकान्यात जातात, टँकरच्या नाही. म्हणून बोटीचा प्रकार नेमका हवा. नुसतं ‘टँकर’ पुरत नाही. तेल, रसायनं आणि गॅस यांचं काम वेगळं आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रंही वेगळी.

सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, म्हणजे सीओसी, आणि रँक यांतही घोळ होतो. फर्स्ट मेटची परीक्षा पास झालेला अधिकारी बढती मिळेपर्यंत सेकंड ऑफिसर म्हणूनच काम करतो. अशा वेळी दोन्ही गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात. सीओसीचा दर्जा, क्रमांक, देणारा देश आणि मुदत यांतलं काही गाळू नये. मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी साधारणपणे त्या पाच वर्षांत 12 महिन्यांची समुद्रसेवा दाखवावी लागते, त्यामुळे बराच काळ किनाऱ्यावर काढलेल्या अधिकाऱ्याची मुदत वाचणारा आधी पाहतो. बोट पनामा किंवा लायबेरियाच्या ध्वजाखाली असेल, तर त्या देशाचं मान्यतापत्रही लागतं.

तक्त्यातली दीड वर्षाची मोकळी जागा झाकू नये. परीक्षा, आजारपण, घरची अडचण, जे असेल ते एका ओळीत लिहावं. कारण प्रत्येक साइन-ऑन आणि साइन-ऑफची नोंद सीडीसीत असते आणि नेमणुकीपूर्वी ती ताडून पाहिली जाते. तेव्हा बायोडेटा लिहायला बसताना सीडीसी समोर उघडी ठेवा आणि एकही तारीख आठवणीवर लिहू नका.