सीएसव्ही फाइलमधली मराठी नावे वाचता येईनाशी होतात तेव्हा

मंडळाच्या सभासदांची यादी आता गूगल फॉर्मवरून गोळा होते. नाव, पत्ता, फोन, सगळे लोक मराठीत भरतात आणि ती माहिती सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेता येते. यंदा पत्रिकांवर चिकटवायच्या पत्त्यांसाठी ती फाइल उघडली, तेव्हा ‘जोशी’ या आडनावाच्या जागी हे दिसले:

```
à¤œà¥‹à¤¶à¥€
```

कार्यालयात सगळ्यांचे मत पडले की फाइल खराब झाली, पुन्हा सगळ्यांना फोन करून नावे घ्यावी लागतील. तसे काही करावे लागले नाही. असे का होते आणि कोणत्या वेळी खरोखर घाबरायचे, ते इथे सविस्तर लिहितो. इतर मंडळांच्या खजिनदारांनाही उपयोग होईल.

सीएसव्ही ही साधी फाइल असते. तिच्यात फक्त अक्षरे आणि स्वल्पविराम असतात. फॉन्ट कोणता, भाषा कोणती, अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत, याची नोंद तिच्यात नसते. गूगल ही अक्षरे यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिते. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटांचे असते. मात्र फाइलवर डबल-क्लिक केले की एक्सेल समजून चालते की ही विंडोजची जुनी इंग्रजी पद्धत आहे, जिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग आपले एक अक्षर तिथे तीन चिन्हे होऊन उमटते. ‘जोशी’ मध्ये ज, ओकार, श आणि ईकार असे चार भाग, म्हणून वर बारा चिन्हे दिसतात. मोजून पाहा. फाइलमधले बाइट जसेच्या तसे आहेत, वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसला आहे एवढेच.

या चिन्हांवरून मूळ लिपीही ओळखता येते, आणि हैदराबादेत त्याचा उपयोग होतो. देवनागरीतले जवळजवळ प्रत्येक अक्षर `à¤` किंवा `à¥` ने सुरू होते. तेलुगू अक्षरे `à°` किंवा `à±` ने सुरू होतात. उर्दूत `Ø`, `Ù`, `Ú`, `Û` ही चिन्हे पुन्हा पुन्हा येतात. आपल्या यादीत शेजारच्या सोसायटीतली काही तेलुगू नावे होती, ती न वाचताही अशीच वेगळी काढता आली.

आता उपाय. फाइलवर डबल-क्लिक करू नका. आधी एक्सेलमध्ये कोरी वही उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV` घ्या आणि फाइल निवडा. एक खिडकी उघडते, तिच्यात `File Origin` समोर `65001: Unicode (UTF-8)` निवडा. खालच्या नमुन्यात मराठी लगेच सरळ दिसू लागते. त्याच खिडकीत `Data Type Detection` समोर `Do not detect data types` निवडायला विसरू नका, नाहीतर फोन नंबरच्या सुरुवातीचा शून्य गळतो आणि लांबलचक खाते क्रमांकाचे `1.23E+11` असे काहीतरी होते. मग `Load`. ज्यांच्याकडे लिबरऑफिस आहे त्यांचे काम आणखी सोपे. तिथे फाइल उघडतानाच अक्षरपद्धत विचारली जाते, `Unicode (UTF-8)` म्हटले की झाले.

दुसऱ्या कोणाला फाइल पाठवायची असेल आणि तो डबल-क्लिकच करणार हे ठाऊक असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा, `Save As` करा आणि खाली `Encoding` समोर `UTF-8 with BOM` निवडा. त्याने फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण बसते. ती दिसली की एक्सेल स्वतःहून योग्य पद्धत घेते.

खरा धोका पुढे आहे. मराठी सरळ दिसणारी वही एक्सेलमधून पुन्हा सीएसव्ही करताना `CSV (Comma delimited)` निवडले, तर एक्सेल जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिते. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. फाइल बंद केल्यावर ‘जोशी’ चे `????` होते, आणि ‘काळे’ चेही `????`. हे परत आणता येत नाही, कारण आता फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे आहेत. त्याऐवजी `CSV UTF-8 (Comma delimited)` हा पर्याय घ्यायचा. यादीत तो वेगळा दिसतो, पण नाव इतके सारखे की घाईत चूक होतेच.

गंमत म्हणजे, हाच घातक पर्याय एका बाबतीत औषध ठरतो. बिघडलेल्या चिन्हांसकट वही कोणीतरी एक्सेल फाइल म्हणून साठवली असेल, तर ती चिन्हे आता पक्की झालेली असतात आणि वरचा उपाय चालत नाही. अशा वेळी तिची प्रत काढून ती `CSV (Comma delimited)` म्हणून साठवा. प्रत्येक चिन्ह पुन्हा आपल्या एका बाइटात जाते आणि मूळ तीन-तीन बाइटांची मांडणी परत तयार होते. मग ती नवी फाइल `From Text/CSV` ने वरच्यासारखी उघडा. आपल्याकडच्या संगणकांवर विंडोज सहसा इंग्रजी (भारत) असते, तिथे हे जमते.

तरी नंतर यादी नीट वाचून पाहा, विशेषतः ठ, झ, ए, ऐ, उकार आणि पाय मोडलेली अक्षरे. जुन्या इंग्रजी पद्धतीत पाच बाइटांना चिन्हच नेमलेले नाही. झ, ए, ऐ, ऱ्हस्व उकार आणि हलन्त यांचे तिसरे बाइट नेमके त्या पाचांतले आहेत. ठ चे तिसरे बाइट न दिसणारी मोकळी जागा होते. मधल्या काळात कोणी ती नावे ईमेलवरून कॉपी-पेस्ट केली असतील किंवा ‘जास्तीच्या जागा’ पुसल्या असतील, तर नेमके हेच गळतात. पाठक, कुलकर्णी, झेंडे ही आडनावे म्हणून आधी पाहावीत. तिथे `�` हे चिन्ह दिसले तर तेवढी नावे हाताने भरायची.

मंडळाच्या जुन्या संगणकावर आणखी एक प्रकार सापडतो. यादीत ‘मराठी’ च्या जागी `ejkBh` असे सरळ इंग्रजी अक्षरांत लिहिलेले दिसते. इथे बाइट चुकीचे वाचलेले नाहीत. ती फाइल कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, जिथे इंग्रजी अक्षरावर मराठी चित्र बसवलेले असे. फॉन्ट बसवला की ती वाचता येते, पण क्रमवारी लावता येत नाही आणि शोधही चालत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच असते. तिला वरचे काहीही लागू पडत नाही. त्या फॉन्टचे युनिकोडात रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, मात्र कृतीदेवचा प्रोग्रॅम श्री-लिपीला चालत नाही. आधी फॉन्टचे नेमके नाव पाहून घ्या, आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे व रफार तपासा.