शंकरपाळ्याच्या पोटातला चौरस

दिवाळीच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात शंकरपाळ्यांची पोळी लाटून तयार होती आणि कातणं सहावीतल्या भाचीच्या हातात होतं. तिने आधी उभ्या रेघा मारल्या आणि मग तिरक्या मारायच्या त्या आडव्या, सरळ मारल्या. तुकडे पडले ते चौरस. "मावशी, चुकलं. ही शंकरपाळी नाहीत, चौरस झाले," ती म्हणाली. मला विचाराल तर तिचं वाक्य अर्धंच बरोबर होतं. चौरस झाले होते हे खरं, पण शंकरपाळीही झालीच होती.

शंकरपाळ्याच्या आकाराला भूमितीत समभुज चौकोन म्हणतात. त्याची अट एकच: चारही बाजू सारख्या. कोन किती असावेत याबद्दल ती अट चकार शब्द काढत नाही. चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात, म्हणजे अट पुरी झाली. आयताचंही तसंच. चारही कोन काटकोन, एवढंच तिथे मागितलंय. 'लांबी रुंदीपेक्षा जास्त' ही अट आपण मनानेच जोडतो, कारण वही, दार, मोबाइल असे लांबोडके आयतच सतत डोळ्यांपुढे असतात.

पोळी पुन्हा मळून लाटली आणि या वेळी नीट पाहिलं. कातण्याने आधी एकमेकींना समांतर अशा रेघा मारायच्या, मग दुसऱ्या दिशेने तशाच समांतर रेघा. रेघांमधलं अंतर कितीही ठेवा, कातणं कितीही तिरकं धरा, पोळीच्या मधोमध पडणारा प्रत्येक तुकडा समांतरभुज चौकोनच असतो. आता आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात. पहिली, दोन्ही दिशांच्या पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवायची का? ठेवली तर समभुज चौकोन मिळतो. (समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे बाजू गुणिले त्या बाजूवरची पट्टीची रुंदी. दोन्ही रुंद्या सारख्या, क्षेत्रफळ तर एकच, म्हणून बाजूही सारख्याच निघतात.) दुसरी, रेघा एकमेकींना काटकोनात छेदायच्या का? छेदल्या तर आयत मिळतो. दोन्ही गोष्टी एकदम केल्या की चौरस. भाचीच्या हातून नेमकं हेच झालं होतं.

म्हणूनच चौरस दोन्ही घरांतला आहे. उलट मात्र चालत नाही. तिरकं शंकरपाळं चौरस नाही आणि वहीचं लांबोडकं पान चौरस नाही. मुलं अडखळतात ती बहुधा इथे. 'चौरस हा आयत आहे' हे एकदा पटलं की 'मग आयत हा चौरस' असंही ती म्हणून टाकतात. प्रत्येक कोल्हापूरकर महाराष्ट्रातला असतो, पण महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस कोल्हापूरकर नसतो, हे सांगितलं की चटकन उमगतं.

असं एकात एक बसवण्याचा फायदा गणित करताना दिसतो. समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं. ५ सेंमी बाजूचं एक शंकरपाळं घ्या, त्याचे कर्ण ६ आणि ८ सेंमी. ४८ च्या निम्मे, म्हणजे २४ चौसेंमी. आता ५ सेंमी बाजूचा चौरस. त्याच्या प्रत्येक कर्णाचा वर्ग ५० (२५ अधिक २५), आणि कर्ण सारखे असल्याने त्यांचा गुणाकारही ५०. निम्मे केले की २५. बाजू गुणिले बाजू, ५ गुणिले ५, तेही २५. चौरसासाठी वेगळी सिद्धता लागली नाही, समभुज चौकोनाची त्याला आयतीच मिळाली. आयताकडूनही त्याला एक गुण मिळतो, तो म्हणजे दोन्ही कर्ण सारखे असणं. तिरक्या शंकरपाळ्याजवळ तो नाही, तिथे एक कर्ण ६ आणि दुसरा ८ आहे.

हे नेहमी असंच मानत आले, असं मात्र नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या व्याख्यांत चौरस, आयत आणि समभुज चौकोन वेगवेगळे ठेवले होते. त्याचा आयत म्हणजे काटकोनी, पण बाजू सारख्या नसलेला. त्याचं काही चुकलं नव्हतं, व्याख्या ठरवाव्या लागतात. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांतही समलंब चौकोनाच्या व्याख्येत बाजूंची 'एकच' जोडी समांतर असं म्हटलेलं असतं. त्या एका शब्दामुळे शंकरपाळं, आयत, चौरस असे सगळे समलंबच्या घराबाहेर राहतात. 'किमान एक' म्हटलं की सगळे आत येतात. तेव्हा मुलाने उत्तर लिहिण्याआधी व्याख्येतला असा छोटा शब्द बोट ठेवून वाचावा.

आणि गोल पोळीच्या कडेचे तुकडे? त्यांची एक बाजू वाकडी असते. ते चौकोनच नव्हेत. आमच्याकडे ते पहिल्या घाण्यात तळले जातात आणि डब्यापर्यंत पोचत नाहीत.