उष्मागतिकीशी ओळख, लेखांक ९ : ४.७ की १२.७?

गेल्या आठवड्यात आपण समतोल स्थिरांकापाशी थांबलो होतो. त्याच स्थिरांकावरून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने तिच्या सरांना ईमेल लिहिला. प्रश्न साधा दिसतो, पण तो नीट उलगडला की ΔG° या राशीबद्दलचा मोठा गैरसमज दूर होतो. म्हणून आजचा लेखांक त्या एका ईमेलवरच.

आधी ट्यूटोरियलमधला प्रश्न. २५ अंश सेल्सिअसला एका बंद भांड्यात N₂O₄ ⇌ 2NO₂ हा समतोल साधला आहे. NO₂ ची संहती लिटरला ०.०१२८ मोल आणि N₂O₄ ची ०.०२७५ मोल आहे. तर विघटनाची ΔG° काढा. शेवटच्या पानावर छापलेलं उत्तर : ४.७ किलोजूल प्रति मोल.

आता ईमेल :

विषय : ट्यूटोरियल ३, प्रश्न ४ – कोणती प्रमाण अवस्था धरायची?

आदरणीय सर,

चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर छापलेल्या उत्तराशी जुळत नाही. दिलेल्या संहती तशाच वापरल्या तर समतोल स्थिरांक ०.००५९६ येतो आणि ΔG° १२.७ किलोजूल. त्याच संहतींवरून, वायू आदर्श मानून, आंशिक दाब काढले तर NO₂ चा दाब ०.३१७ बार आणि N₂O₄ चा ०.६८२ बार येतो. मग स्थिरांक ०.१४८ होतो आणि ΔG° ४.७ किलोजूल. छापलेलं उत्तर या दुसऱ्या रीतीशी जुळतं, म्हणून १ बार ही प्रमाण अवस्था अपेक्षित असावी. पण प्रश्नात तसं म्हटलेलं नाही आणि माहिती मोल प्रति लिटरमध्ये दिली आहे. १ बार धरायची की १ मोल प्रति लिटर? तसंच पाचव्या प्रश्नात ‘कोणत्या तापमानाच्या वर हे विघटन उत्स्फूर्त होतं?’ असं विचारलं आहे. त्याचं उत्तरही यावर अवलंबून राहील का? आकडेमोडीचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली विद्यार्थिनी

प्रश्न असा विचारावा. ‘उत्तर जुळत नाही, समजावून सांगा’ एवढंच तिने लिहिलं असतं, तर सरांना तिचा गुंता कुठे आहे ते आधी शोधावं लागलं असतं. तिने दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिल्या, कोणती वाट छापील उत्तराकडे जाते ते ओळखलं, आणि जे कागदावर नव्हतं तेवढंच विचारलं. सर फोनवरून एका ओळीत उत्तर देऊ शकतात : १ बार. पण दोन्ही उत्तरं बरोबर कशी, हे त्या एका ओळीत मावत नाही.

गुंत्याचं मूळ ΔG° = –RT ln K या सूत्रातल्या ln मध्ये आहे. लॉगरिदम फक्त निव्वळ संख्येचा घेता येतो. ०.३१७ चा लॉगरिदम असतो, ‘०.३१७ बार’ याचा नसतो. म्हणून K लिहिताना प्रत्येक दाबाला एका ठरवलेल्या दाबाने भागायचं असतं, किंवा प्रत्येक संहतीला एका ठरवलेल्या संहतीने. तो ठरवलेला दाब १ बार किंवा ती ठरवलेली संहती लिटरला १ मोल असली, की भागून आकडा बदलत नाही. त्यामुळे आपण भागलं आहे हेच विसरायला होतं. वर्गात ‘Kp’ आणि ‘Kc’ अशी दोन नावं शिकवली जातात, सूत्रात मात्र नुसता K असतो. ΔG° वरचं ते छोटं वर्तुळ सांगत असतं की हा आकडा एका ठरवलेल्या अवस्थेपासून मोजला आहे. ती अवस्था कोणती, हे वर्तुळ सांगत नाही.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हणतात ती समुद्रसपाटीपासून. बारी गावातून चढायला सुरुवात करणाऱ्याला त्यापेक्षा बरीच कमी उंची चढावी लागते. दोन्ही आकडे खरे आहेत, शिखर जिथे आहे तिथेच आहे. ΔG° चंही तसंच.

हे आकड्यांतून पडताळून पाहू. २५ अंशाला RT म्हणजे २.४७९ किलोजूल प्रति मोल. याच तापमानाला १ बार दाबाचा एक मोल आदर्श वायू २४.७९ लिटर जागा व्यापतो, म्हणजे त्याची संहती लिटरला ०.०४०३ मोल. १ मोल प्रति लिटर ही अवस्था त्याच्या २४.७९ पट दाट. या प्रमाणाचा लॉगरिदम ३.२१ आणि RT ने गुणल्यावर ७.९६ किलोजूल. विघटनात एका मोलाचे दोन मोल होतात, वायूचे मोल एकाने वाढतात, म्हणून ΔG° मध्ये हा फरक एकदा येतो : ४.७३ अधिक ७.९६ म्हणजे १२.६९. विद्यार्थिनीचे दोन आकडे याच अंतरावर आहेत.

आता भांड्यात दोन्ही वायू १ बार दाबाने भरले आहेत असं समजा. बारच्या हिशेबात दोन्ही दाबांचं गुणोत्तर १, त्याचा लॉगरिदम शून्य, म्हणून प्रत्यक्ष ΔG = +४.७३ किलोजूल. संहतीच्या हिशेबात प्रत्येक वायू लिटरला ०.०४०३ मोल, गुणोत्तर ०.०४०३, त्यामुळे RT ln Q उणे ७.९६. म्हणून ΔG = १२.६९ – ७.९६ = +४.७३. उत्तर एकच. भांड्यातला तपकिरी NO₂ काही अंशी रंगहीन N₂O₄ मध्ये परत जाईल, हा निष्कर्षही एकच. प्रमाण अवस्था बदलली की ΔG° बदलते, RT ln Q हे पद उलट दिशेने तेवढंच बदलतं आणि ΔG जागची हलत नाही. दोन्ही पदांत एकच अवस्था धरली पाहिजे, एवढीच अट आहे. चूक होते ती तक्त्यातली ४.७३ घेऊन तिच्यासोबत Q मात्र मोल प्रति लिटरमध्ये भरला जातो तेव्हा. मग उत्तर उणे ३.२ येतं, चिन्हच उलटतं, आणि परत जाणारी अभिक्रिया कागदावर पुढे जाऊ लागते.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. तुमचं आणि छापलेलं उत्तर यांच्यातला फरक २५ अंशाला ७.९६ च्या पटीत असेल, तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी प्रमाण अवस्था तपासा. बी.एस्सी.ची तीन वर्षं हा गोंधळ अनेकांना भेटत नाही, याचं एक कारण म्हणजे H₂ + I₂ ⇌ 2HI हे लाडकं उदाहरण. तिथे डावीकडे वायूचे दोन मोल आणि उजवीकडेही दोन. भागाकारात सगळं कटतं, आणि बार, लिटर, काहीही धरलं तरी उत्तर एकच येतं.

पाचवा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या विघटनाची ΔH° ५७.२ किलोजूल आहे आणि १ बारच्या हिशेबाने ΔS° १७५.८ जूल प्रति केल्विन. भागाकार केला की ΔG° शून्य होण्याचं तापमान ३२५ केल्विन येतं, म्हणजे सुमारे ५२ अंश सेल्सिअस. बहुतेक वह्यांत हेच उत्तर असतं. १ मोल प्रति लिटर धरून, ΔH° आणि बारच्या हिशेबाची ΔS° तापमानानुसार बदलत नाहीत असं मानून, हाच हिशेब केला तर तापमान ३८९ केल्विनच्या आसपास येतं, म्हणजे ११६ अंश. अवस्थेच्या नुसत्या निवडीने ‘उत्स्फूर्त होण्याचं तापमान’ ६४ अंशांनी सरकलं. निसर्गातली एखादी घटना आपल्या निवडीने सरकत नाही. तेव्हा ५२ अंशाला काही घडतं, ही समजूतच चुकीची.

आणि खरोखरच काही घडत नाही. एकूण दाब १ बार असताना २५ अंशालाच सुमारे १९ टक्के N₂O₄ विघटित झालेलं असतं. बारावीच्या प्रयोगातली बंद नळी खोलीच्या तापमानाला तपकिरी दिसते ती त्यामुळेच. ५२ अंशाला हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास जातं. अधेमधे कुठे उंबरठा नाही, विघटन सलग वाढत जातं. ΔG° शून्य झाली याचा अर्थ K ची किंमत १ झाली, इतकाच. शुद्ध N₂O₄ घेतलं तर त्याचं थोडं तरी विघटन कोणत्याही तापमानाला उत्स्फूर्तच असतं. म्हणून पाचवा प्रश्न ‘१ बार प्रमाण दाब धरून K = १ कोणत्या तापमानाला होईल?’ असा लिहायला हवा. विद्यार्थिनीने शंका घेतली ती अगदी योग्य ठिकाणी.

दोन गोष्टी इथे जाता जाता. प्रमाण अवस्थेच्या व्याख्येत तापमान येत नाही. २५ अंश हे तक्त्यांचं सोयीचं तापमान आहे, प्रमाण अवस्था ५०० केल्विनलाही तितकीच लागू असते. दुसरी गोष्ट दाबाची. आयुपॅकने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरवरून १ बार करण्याची शिफारस केली. जुनं पुस्तक आणि नवा तक्ता एकत्र वापरला तर आपल्या उदाहरणात जेमतेम ०.०३ किलोजूलचा फरक पडतो. तो कुणाला जाणवत नाही, आणि त्यामुळेच ‘प्रमाण अवस्थेने फारसा फरक पडत नाही’ असा चुकीचा ग्रह होतो.

पुढे संशोधनात हा फरक महाग पडतो. संगणकीय रसायनशास्त्रातले प्रोग्राम वायूसाठी सहसा १ अ‍ॅटमॉस्फिअर धरून मुक्त ऊर्जा देतात. प्रयोगशाळेत मात्र दोन रेणू द्रावणात एकत्र येतात आणि बंधनाचा स्थिरांक मोल प्रति लिटरच्या हिशेबाने छापला जातो. दोन रेणूंचा एक होत असेल तर आकड्यात सुमारे ७.९ किलोजूलची दुरुस्ती लागते, आणि ती राहून गेली तर स्थिरांक जवळजवळ २५ पटींनी चुकतो. जीवरसायनशास्त्रात फरक याहून मोठा असतो. तिथे प्रमाण अवस्था pH ७ ला धरतात, त्यामुळे अभिक्रियेत भाग घेणाऱ्या प्रत्येक H⁺ मागे रसायनशास्त्राच्या तक्त्यापेक्षा सुमारे ४० किलोजूलचं अंतर पडतं.

जे शिक्षक ट्यूटोरियल तयार करतात, त्यांना एक विनंती. प्रश्नाच्या शेवटी ‘आदर्श वायू, p° = १ बार’ एवढे शब्द घाला. आणि वाचकांसाठी पुढच्या आठवड्यापर्यंतचं काम : PCl₅ ⇌ PCl₃ + Cl₂ हा समतोल घ्या, २५ अंशाची ΔG° कोणत्याही तक्त्यावरून १ बारच्या हिशेबाने काढा, मग ती १ मोल प्रति लिटरमध्ये बदला. दोहोंतला फरक ७.९६ किलोजूल यायला हवा. पुढच्या लेखांकात द्रावणं घेऊ. तिथे एकाच विद्राव्याला राऊल्टची आणि हेन्रीची अशा दोन प्रमाण अवस्था असतात.