पहिली भेट पुढे ढकलताना

समजा, ठाण्याची एक तरुणी आणि विलेपार्ल्याचा एक तरुण काही आठवड्यांपासून डेटिंग ॲपवर बोलताहेत. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता माटुंग्याच्या एका उडप्याकडे पहिल्यांदा भेटायचं ठरलंय. जागा दोघांच्या सोयीची आहे. तिला मध्य रेल्वेनं माटुंग्याला उतरता येतं, तो पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडहून चालत येऊ शकतो. दुपारी अडीचच्या सुमारास तिच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागतं आणि साडेतीनला ती रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या बाहेर उभी असते. सहाची भेट आता होत नाही, एवढं नक्की. ते त्याला कळवायचं कसं?

अशा वेळी बोटांना सुचतं ते साधारण असं असतं: ‘हाय, कसं सांगू कळत नाहीये. मला खरंच खूप यायचं होतं, पण घरी जरा प्रॉब्लेम झालाय. बघते, जमलं तर कळवते, नाहीतर नंतर कधीतरी भेटू. खूप खूप सॉरी, प्लीज राग मानू नकोस.’

यातला शब्द न् शब्द चांगल्या मनानं लिहिलेला आहे. तरीही वाचणाऱ्याला कळत काहीच नाही. आज भेटायचं की नाही? घरचा प्रॉब्लेम खरा आहे की टाळायचं निमित्त? आणि ‘कधीतरी’ म्हणजे कधी? तो बिचारा सहापर्यंत घरी थांबेल किंवा माटुंग्याला जाऊन बसेल.

पेनेलपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांनी शिष्टाचाराच्या भाषेवर लिहिलेलं पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या मांडणीनुसार बोलताना प्रत्येक माणूस दोन गोष्टी जपत असतो. आपण समोरच्याला हवेसे वाटावं ही एक, आणि आपल्यावर कुणी कसली बळजबरी करू नये ही दुसरी. पहिली भेट रद्द झाली की घाव पहिल्या इच्छेवर बसतो. जुन्या मित्रानं ऐनवेळी टांग दिली तर आपण फार तर चिडतो, त्याच्या मैत्रीवर शंका घेत नाही, कारण मागे अनेक वर्षांचा अनुभव असतो. इथे तसा अनुभव नाही. समोरच्याकडे हाताशी आहे तो फक्त हा एक मेसेज. त्यात जी जागा मोकळी सुटेल, ती ‘मी आवडलो नसेन’ या विचारानं भरते.

बोलताना आपण नकाराची गोष्ट आडवळणानं काढतो. ‘अरे, काय झालं ना’ म्हणतो, जरा थांबतो, मग मुद्द्यावर येतो. फोनवर ते शोभतं, कारण आवाजातली काळजी ऐकू येते आणि समोरच्याला मध्येच विचारता येतं. मेसेजचं तसं नसतं. बंद स्क्रीनवर त्याच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. त्या ओळीत ‘कसं सांगू कळत नाहीये’ असेल, तर पुढचं वाचायच्या आधीच धस्स होतं. म्हणून मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात यायला हवी. तोच मेसेज मग असा होतो:

‘आज सहाला मला येता येणार नाही, सॉरी. दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना हॉस्पिटलमध्ये आणलंय, तपासण्या चालू आहेत. तुला भेटायचं मात्र आहेच. पुढच्या शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी तिथेच चालेल का? यातलं काही जमत नसेल तर तुझ्या सोयीचा दिवस सांग. आज रात्रीपर्यंत फोन फारसा बघता येणार नाही.’

सॉरी एकदाच आलंय आणि तेवढं पुरे. पाच वेळा माफी मागितली की समोरच्यावर तिची समजूत काढायची वेळ येते. कारण एका वाक्यात आहे. अनोळखी माणसाला घरचं दुखणं सांगायचं नसेल तर ‘घरी तब्येतीची तातडीची अडचण आहे’ एवढंही चालतं. पुरावा म्हणून रुग्णालयाचा फोटो मुळीच पाठवू नये. त्यात आजाऱ्याची आणि आजूबाजूच्या लोकांची अब्रू उघडी पडते. खोटं कारण तर नकोच. रात्री कुणा मैत्रिणीच्या स्टेटसमध्ये चेहरा दिसला की पुढचं खरंही खोटं वाटतं.

दिवस दोन सुचवले, त्यानं ‘नंतर कधीतरी’ची हुरहूर जाते. आपला दिवस सांगायची मोकळीक दिली, त्यानं दुसरी इच्छा, बळजबरी नको ही, सांभाळली जाते. शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण ते नसतं तर तिची रात्रभराची शांतता त्यानं नाराजी समजली असती. वडिलांना घरी कधी सोडतील याचा अंदाजच नसेल, तर दिवस सुचवण्याऐवजी ‘बुधवारी रात्रीपर्यंत नक्की सांगते’ म्हणावं. मग बुधवारी, काही ठरलेलं नसलं तरी, तेवढं कळवावंच.

मेसेज की फोन, हे वेळेवर ठरतं. तीनचार तास हातात असतील तर मेसेज पुरेसा आहे. समोरची व्यक्ती घरातून निघायच्या बेतात असेल किंवा निघाली असेल, तर आधी फोन करावा. जुलैतल्या मुसळधार पावसात कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी येतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. अशा गाडीतून पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर एकच टिक दिसत असेल, तर तो समोरच्या फोनवर पोचलेलाच नाही. तेव्हा फोन लावावा, नाहीतर साधा एसएमएस करावा. नंबर दिलेले नसतील आणि सगळं बोलणं ॲपवरच असेल, तर अडचण वाढते, कारण ॲपच्या सूचना अनेकांनी बंद ठेवलेल्या असतात. ऐनवेळी एकमेकांना कुठे गाठायचं, हे भेट ठरवतानाच बोलून घ्यावं. रविवारचा मेगाब्लॉक मात्र अनपेक्षित अडचणीत बसत नाही. तो रेल्वे आधी जाहीर करते.

भेट पुढे ढकलायची नसून मोडायचीच असेल, तर मेसेज वेगळा लागतो. कांदेपोह्यांच्या काळात असा निरोप मध्यस्थ पोचवायचे आणि तो पोचता पोचता मऊ व्हायचा. आता तो स्वतःलाच द्यावा लागतो, म्हणून अनेकजण नकारावर ‘सध्या ऑफिसात फार काम आहे’चं पांघरूण घालतात. समोरचा महिनाभर काम संपायची वाट पाहतो. त्यापेक्षा असं लिहिणं बरं: ‘शनिवारी मी येणार नाही. विचार केल्यावर वाटलं, आपलं पुढे जुळेलसं नाही. तुझ्याशी बोलायला छान वाटलं. तुला शुभेच्छा.’ इथे कारणांची जंत्री नको, कारण प्रत्येक कारणावर तोडगा सुचवायचा मोह होतो. टिंडरवर अनमॅच केलं की संभाषण दोघांकडूनही नाहीसं होतं, त्यामुळे मेसेज वाचला जाईपर्यंत थांबावं. समोरच्यानं धमकावलं असेल, फोटोसाठी मागे लागला असेल किंवा भीती वाटत असेल, तर यातलं काहीच पाळायची गरज नाही. सरळ ब्लॉक करावं.

दुसऱ्यांदाही भेट पुढे न्यावी लागली तर नवा दिवस आपण सुचवू नये. ‘दोनदा माझ्यामुळे राहिलं. अजून भेटायची इच्छा असेल तर तू दिवस सांग, मी माझं जुळवून घेईन,’ असं म्हणून निर्णय समोरच्याकडे द्यावा. उत्तरात नुसतं ‘ठीक आहे’ आलं तर लगेच पाठोपाठ मेसेज करू नयेत. त्या व्यक्तीला निराश व्हायला दोनतीन दिवस मिळायला हवेत. नवी तारीख ठरली असेल, तर त्या दिवशी सकाळी एक छोटा निरोप जरूर धाडावा: ‘आज सहाला, ठरल्याप्रमाणे. मी पाचला ठाण्याहून निघतेय.’